दादांची वही आणि कॅल्शियमची एक गोळी

नागपुरात हिवाळा उतरू लागला की गोकुळपेठेच्या बाजारात सांभाराच्या जुड्यांचे हिरवे ढीग दिसू लागतात. बाकीचा महाराष्ट्र जिला कोथिंबीर म्हणतो, तिला आम्ही वैदर्भीय सांभार म्हणतो आणि तो स्वस्त झाला की घरोघरी सांबारवडीचा घाट घातला जातो. माझ्या वहिनी त्या वडीसाठी साऱ्या नात्यात प्रसिद्ध आहेत. म्हणून गेल्या हिवाळ्यात दादांचा आयएनआर एकाएकी उतरला, तेव्हा सर्वांच्या मनात पहिला संशय आला तो वहिनींच्या कढईवर. तो संशय पुरता चुकीचा नव्हता, पण खरा अपराधी मात्र दुसराच होता आणि तो औषधांच्या डब्यातच बसलेला होता.

दादा म्हणजे माझे थोरले बंधू. वय ७१. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन त्यांच्या हृदयाची एक झडप खराब झाली आणि एकोणीस वर्षांपूर्वी तिच्या जागी धातू व कार्बनची कृत्रिम झडप बसविण्यात आली. रात्रीच्या शांततेत त्यांच्याजवळ बसले की ती झडप घड्याळासारखी टिकटिकताना ऐकू येते. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून दादांना रोज संध्याकाळी असेनोकुमारॉल ही गोळी घ्यावी लागते. वॉरफरिन हे तिचेच भावंड. मी स्वतः पस्तीस वर्षे औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून काम केले असल्यामुळे या गोळीशी माझा परिचय जुना आहे. तिची सवय होते, पण तिच्याविषयी निर्धास्त मात्र कधीच होता येत नाही.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी ‘रक्त पातळ करण्याची गोळी’ असेल. हा शब्दप्रयोग रुळलेला आहे, पण तो थोडा फसवा आहे. या गोळीने रक्त पाण्यासारखे पातळ होत नाही, तर ते गोठण्यास वेळ लागतो. हे कसे घडते ते एकदा समजून घेतले की पुढचा सारा गुंता आपोआप उलगडतो.

आपले यकृत रक्त गोठवणारी काही प्रथिने सतत तयार करीत असते. त्यांपैकी चार प्रथिनांना कामाजोगे होण्यासाठी के जीवनसत्त्व लागते. हे जीवनसत्त्व डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांनी शोधले आणि ‘कोआगुलेशन’ म्हणजे गोठणे या शब्दाचे आद्याक्षर त्याला दिले. त्या शोधासाठी त्यांना १९४३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यकृतात के जीवनसत्त्व एकदा वापरले गेले की ते निकामी होते आणि एक विकर त्याला पुन्हा ताजेतवाने करून कामावर पाठवते. असेनोकुमारॉल किंवा वॉरफरिन नेमके या विकराचा हात धरून ठेवते. वापरलेले जीवनसत्त्व पुन्हा ताजे होत नाही, त्याचा साठा आटतो आणि गोठवणारी प्रथिने अर्धवट तयार होतात. मात्र बाहेरून ताजे के जीवनसत्त्व मिळत राहिले, तर यकृताला त्या अडवलेल्या वाटेची तितकी गरजच उरत नाही. औषध आपले काम करीत असते, पण त्याचा परिणाम पुसला जातो. तेव्हा या गोळीची मात्रा ठरते ती रोग्याच्या पोटात रोज किती के जीवनसत्त्व जाते त्याच्याशी तोलून. तराजूचे एक पारडे डॉक्टरांच्या हातात असते आणि दुसरे स्वयंपाकघराच्या.

हा तोल मोजण्याची चाचणी म्हणजे आयएनआर. औषध न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या बहुतेक रोग्यांत तो २ ते ३ ठेवतात, तर दादांसारखी कृत्रिम मायट्रल झडप असेल तर २.५ ते ३.५. त्याहून खाली गेला तर झडपेवर गुठळी धरण्याची आणि ती मेंदूकडे जाऊन पक्षाघात होण्याची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. नव्या पिढीच्या गोळ्या, म्हणजे अपिक्साबॅन, रिव्हारॉक्साबॅन, डॅबिगाट्रान, यांना आयएनआर लागत नाही आणि के जीवनसत्त्वाशीही त्यांचे देणेघेणे नसते. मग दादांना त्याच का देत नाहीत, असे पुतण्याने एकदा विचारले होते. कारण कृत्रिम झडपेच्या रोग्यांवर डॅबिगाट्रानची चाचणी घेतली तेव्हा गुठळ्याही अधिक झाल्या आणि रक्तस्रावही, म्हणून ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. संधिवाताच्या तापाने झडप अरुंद होऊन ठोके बिघडलेल्या रोग्यांतही, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, रिव्हारॉक्साबॅनपेक्षा जुनी औषधेच सरस ठरली. आपल्याकडे हा हृदयरोग अजूनही बराच आढळतो, त्यामुळे ही जुनी गोळी आणि तिची पथ्ये आपल्या घरांतून इतक्यात जाणार नाहीत.

आता वहीकडे वळते. दादा हिशेबी गृहस्थ. शस्त्रक्रियेपासून त्यांनी एक लांबट वही ठेवली आहे. तारीख, आयएनआर, आठवड्याची एकूण मात्रा आणि शेवटी शेरा, असे चार रकाने. गेल्या वर्षी जून ते ऑक्टोबर या महिन्यांत आयएनआर २.८ ते ३.२ च्या दरम्यान स्थिर होता. मात्रा चार दिवस २ मिलिग्रॅम आणि तीन दिवस ३ मिलिग्रॅम, म्हणजे आठवड्याला १७. इतकी नीटस पाने त्या वहीत क्वचितच सापडतील.

५ डिसेंबरला आयएनआर २.२ आला. हृदयरोगतज्ज्ञांनी साहजिकच खाण्यापिण्याची चौकशी केली. सांबारवडीचा उल्लेख निघाला. डॉक्टर हसले, प्रमाणात खा म्हणाले आणि मात्रा तशीच ठेवून पंधरा दिवसांनी बोलावले. २० डिसेंबरला आकडा १.८ वर आला होता. तेव्हा मात्रा रोज ३ मिलिग्रॅम, आठवड्याला २१ केली. ५ जानेवारीला पुन्हा २.२. मग एक दिवस ३ आणि एक दिवस ४, आठवड्याला साधारण २४. २२ जानेवारीला २.७ आला आणि सर्वांनी सुटकेचा श्वास सोडला. महिन्याहून अधिक काळ दादांची झडप पुरेशा संरक्षणाशिवाय चालली होती. त्या काळात दादा रोज रात्री वहिनींना झडपेची टिकटिक ऐकायला सांगत, कारण ती अचानक मंद किंवा घुसमटल्यासारखी वाटू लागली, किंवा दम लागू लागला, तर चाचणीची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठायचे हे त्यांना पहिल्याच दिवशी शिकवलेले होते.

१८ फेब्रुवारीच्या सकाळी दात घासताना हिरड्यांतून रक्त आले आणि बराच वेळ थांबेना. दंडावर तळहाताएवढा जांभळा डाग होता, पण कुठे आपटल्याचे दादांना आठवत नव्हते. दुसऱ्या दिवशी आयएनआर आला ५.८. डॉक्टरांनी दोन संध्याकाळच्या गोळ्या बंद ठेवावयास सांगितल्या, पडू नका म्हणून बजावले आणि २१ तारखेला पुन्हा तपासले. आकडा ३.७ वर आला होता. असेनोकुमारॉल शरीरातून लवकर निघते, म्हणून ही उतरण दोन दिवसांत दिसली. वॉरफरिन असते तर अधिक वेळ लागला असता. के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन का दिले नाही, असे वहिनींनी मला विचारले. मोठा रक्तस्राव सुरू असेल तर ते द्यावेच लागते. पण नुसता आकडा वाढलेला आणि स्राव किरकोळ असताना कृत्रिम झडपेच्या रोग्याला ते भरपूर दिले, तर तोल एकदम दुसऱ्या बाजूला झुकतो आणि पुढे कित्येक दिवस औषध लागूच पडत नाही.

त्या दिवशी दुपारी मी वही मांडीवर घेऊन बसले. आहाराचे चढउतार हळूहळू होतात. सांभार बाजारातून एका रात्रीत नाहीसा झालेला नव्हता, वड्याही चालूच होत्या. मग उतरलेला आयएनआर चढला कशाने? चार महिन्यांत काही सुरू होऊन काही बंद पडले असले पाहिजे, इतके मला दिसत होते. मी वहिनींना म्हटले, “वहिनी, दिवाळीपासून घरात आलेली प्रत्येक गोळी, रिकामे पाकीटसुद्धा, मला दाखवा.”

“नवीन औषध काहीच नाही हो,” वहिनी म्हणाल्या. “फक्त गुडघ्यासाठी कॅल्शियम होतं. तेही संपलं परवा.”

कॅल्शियमला औषध कोण म्हणतो! १० नोव्हेंबरला दादांनी गुडघे दुखतात म्हणून एका डॉक्टरांना दाखवले होते आणि त्यांनी तीन महिन्यांसाठी रोज एक कॅल्शियमची गोळी लिहून दिली होती. पाकिटाच्या पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत कॅल्शियम आणि डी-३. मागच्या बाजूला, भिंग लावूनच वाचता येईल अशा अक्षरांत, घटकांच्या यादीत चौथ्या ओळीवर होते : व्हिटॅमिन के-२-७, ९० मायक्रोग्रॅम. काही पाकिटांवर हेच ‘मेनाक्विनोन-७’ किंवा ‘एमके-७’ या नावाने छापलेले असते. रोग्याला के हे अक्षर दिसले तर तो निदान थबकेल, पण मेनाक्विनोन वाचून कोण थबकणार?

के जीवनसत्त्वाची दोन मुख्य रूपे आहेत. हिरव्या पानांत असते ते के-१. आंबवलेल्या काही पदार्थांत आणि प्राणिज अन्नात असते ते के-२, आणि त्याचाच एक प्रकार हा एमके-७. कॅल्शियम हाडांत बसावे, रक्तवाहिन्यांत साचू नये, या विचाराने अलीकडे अनेक कंपन्या तो कॅल्शियमच्या गोळीत घालतात. इतरांना त्याचा अपाय नाही. पण भाजीतले के-१ काही तासांत रक्तातून ओसरते, तर एमके-७ रक्तात दिवसेंदिवस टिकून राहते, त्यामुळे रोजच्या गोळीने त्याचा साठा दोन-तीन आठवडे चढत जातो. निरोगी स्वयंसेवकांवर केलेल्या एका प्रयोगात, अशी रक्तगोठणरोधक गोळी चालू असताना रोज १० ते २० मायक्रोग्रॅम एवढ्या अल्प एमके-७ नेही काहींचा आयएनआर लक्षणीय खाली आला होता. दादांच्या गोळीत त्याच्या कितीतरी पट होते.

आता वहीतील तारखा आपोआप बोलू लागल्या. १० नोव्हेंबरला के-२ सुरू झाले. साठा चढत गेला आणि डिसेंबरमध्ये आयएनआर घसरला. डॉक्टरांनी, समोर असलेल्या माहितीनुसार योग्य तेच करून, मात्रा १७ वरून २४ वर नेली. जानेवारीत दोन्ही पारडी पुन्हा समतोल झाली, पण दोन्हींत वजन वाढलेले होते. १० फेब्रुवारीला कॅल्शियमची गोळी संपली. एक पारडे रिकामे होत गेले आणि दुसऱ्यात २४ चे वजन तसेच राहिले. आठ दिवसांत हिरड्यांतून रक्त आले. के जीवनसत्त्व रक्त गोठण्यास मदत करते, मग त्याने रक्तस्राव कसा होईल, असे अनेकांना वाटते. तो जीवनसत्त्व सुरू केल्याने होत नाही. वाढवलेल्या मात्रेखाली ते बंद केल्याने होतो. डॉक्टरांनी आठवड्याची मात्रा पुन्हा १८ वर आणली, २८ फेब्रुवारीला आयएनआर ३.१ आला आणि पुढे जुन्या १७ वरच दादा स्थिरावले.

गुडघ्याच्या डॉक्टरांनी दादांची झडप विचारात घेतली नाही, हा राग वहिनींच्या मनातून अजून गेलेला नाही. माझे मत थोडे निराळे आहे. एकाच नावाच्या कॅल्शियमच्या गोळीचे चार-पाच प्रकार निघतात आणि एकात के-२ असते, दुसऱ्यात नसते. नाव सारखे, मागे एखादे अक्षर जोडलेले. दुकानात एक संपला तर दुसरा दिला जातो. म्हणून मी आता ओळखीच्या घरी सांगते की पाकिटाची मागची बाजू दर खरेदीला वाचायची, मागच्या वेळी वाचली होती म्हणून सोडायची नाही. वाचता आले नाही तर दुकानदाराकडून वाचून घ्यायची. “यात के जीवनसत्त्व आहे का?” एवढा एकच प्रश्न पुरतो. मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या, दुधात घालायच्या प्रथिनांच्या भुकट्या आणि व्हीटग्राससारखी हिरवी चूर्णे यांनाही तोच प्रश्न. कॅल्शियम हवेच असेल तर के-२ नसलेली गोळी मिळते. दादा आता तीच घेतात.

आणि अशी एखादी गोळी डॉक्टरांनी जाणूनबुजून सुरू केलीच, तर ती सुरू केल्याची तारीख आयएनआर पाहणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळली पाहिजे, आणि बंद केल्याची तारीख तर त्याहून आधी. आठवड्याने एकदा आयएनआर पाहून भागत नाही, कारण एमके-७ चा परिणाम सावकाश चढतो आणि सावकाश उतरतो. तीन-चार आठवडे दर आठवड्याला तपासणी करावी लागते. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी, म्हणजे आकड्यांची तुलना करता येते. दादांच्या वहीत आता पाचवा रकाना आहे, ‘काय सुरू, काय बंद’.

वहिनींच्या कढईची मात्र मला बाजू घेतली पाहिजे. सांभारात के जीवनसत्त्व भरपूर असते हे खरे. १०० ग्रॅम कच्च्या पानांत सुमारे ३०० मायक्रोग्रॅम. पालकात त्याहूनही जास्त, साडेचारशेच्या पुढे. प्रौढ माणसाची दिवसाची गरज साधारण १०० च्या आसपास धरतात, हे लक्षात घेतले तर मूठभर सांभार भरलेल्या चार वड्यांचा प्रभाव पडणारच. शिवाय हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थात विरघळते आणि वडी तर तळलेली. पण म्हणून हिरवी भाजी बंद करणे हा उपाय नव्हे. आहारात के जीवनसत्त्व अगदीच कमी असेल, तर साठा उथळ राहतो आणि एखाद्या लग्नातली पालकाची भाजीसुद्धा आयएनआर हलवून जाते. आठवड्याला हिरव्या भाज्या जितक्या वेळा आणि जितक्या वाटीने खातो, तितक्याच बाराही महिने खाव्यात आणि औषधाची मात्रा त्यावर बेतावी. चतुर्मासात नाना नेम धरणाऱ्या आमच्या घरांत, आणि हिवाळ्यात हिरव्या पानांवर तुटून पडणाऱ्या या शहरात, हे सांगणे सोपे आणि पाळणे अवघड. वहिनींनी तोडगा काढला आहे. आता सांबारवडी हिवाळ्यात रविवारी होते आणि दादांच्या ताटात दोनच पडतात. मला चार मिळतात. संत्र्यांविषयीही लोक विचारतात. नागपुरी संत्र्यात के जीवनसत्त्व नगण्य असते, दिवसाला एक-दोन संत्री खुशाल खावीत.

के जीवनसत्त्वाची एक गोष्ट तरी सोपी आहे. त्याने केलेली गडबड आयएनआरमध्ये दिसते. लसूण, गिंको आणि माशाचे तेल यांचा मार्ग निराळा आहे आणि म्हणून त्यांच्याविषयी निराळी सावधगिरी लागते.

रक्त थांबते ते दोन टप्प्यांत. जखम झाली की आधी बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, धावत येऊन एकमेकींना चिकटतात आणि भोक तात्पुरते बुजवतात. मग यकृतातील प्रथिने त्यावर घट्ट जाळे विणतात. आयएनआर केवळ जाळ्याची परीक्षा घेतो. बिंबिका चिकट आहेत की नाहीत, याची त्याला खबरच नसते. असेनोकुमारॉलने जाळे सैल केलेले असताना बिंबिकांचा चिकटपणाही कोणी कमी केला, तर आयएनआर ३.० असा निर्दोष दिसेल आणि रक्त मात्र थांबणार नाही. ॲस्पिरिन हेच करते, आणि गुडघ्यासाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या त्याबरोबर जठराला व्रणही पाडतात. या घटकेला त्यांच्याइतकी धोक्याची वस्तू घरात दुसरी नाही, हे जाता जाता नोंदवते. आणि ही बाब नव्या पिढीच्या गोळ्या घेणाऱ्यांनाही तितकीच लागू आहे. आम्हाला के जीवनसत्त्वाचे पथ्य नाही म्हणून ते पुष्कळदा सारीच पथ्ये नाहीत असे समजतात.

शेजारच्या काकांनी दादांना लसणाच्या कॅप्सूल आणून दिल्या होत्या. लसणात गंधकाची काही संयुगे असतात आणि ती बिंबिकांचा चिकटपणा कमी करतात. फोडणीतला लसूण, शिजलेला लसूण, वऱ्हाडी जेवणातली चमचाभर लसणाची चटणी याने काही बिघडत नाही. प्रश्न येतो तो अर्क घट्ट करून भरलेल्या कॅप्सूलचा, किंवा अनशापोटी रोज चार-सहा कच्च्या पाकळ्या चावून खाण्याचा. १९९० साली वैद्यकीय नियतकालिकात एका ८७ वर्षांच्या गृहस्थाची हकीकत प्रसिद्ध झाली होती. रोज सुमारे चार पाकळ्या खाणाऱ्या त्यांच्या कण्यात आपोआप रक्तस्राव झाला आणि त्यांच्या डॉक्टरांनी त्याचा संबंध लसणाशी लावला. एका माणसावरून सिद्धान्त होत नाही. पण ज्याचे जाळे औषधाने आधीच सैल केले आहे, त्याने तो प्रयोग स्वतःवर करण्याचे कारण नाही. दात काढायचा असेल किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर असे कॅप्सूल घेतल्याचे डॉक्टरांना आधीच सांगावे. ते साधारण आठवडाभर आधी बंद करावयास सांगतात. असेनोकुमारॉल मात्र आपल्या मनाने एक दिवसही बंद करू नये, कृत्रिम झडप असेल तर मुळीच नाही.

अमेरिकेतला पुतण्या दिवाळीला आला तेव्हा काकांसाठी दोन बाटल्या घेऊन आला. एक गिंकोची, ‘स्मरणशक्तीसाठी’, आणि दुसरी माशाच्या तेलाची, ‘हृदयासाठी’. मुलाचे प्रेम खरे होते आणि बाटल्या महागड्या होत्या, त्यामुळे त्या परत करणे घरात अवघड झाले. दादांनी त्या कपाटात ठेवल्या आणि हृदयरोगतज्ज्ञांकडे जाताना पिशवीत घालून नेल्या. हा त्यांचा शिरस्ता मला फार आवडतो. नावे सांगण्यापेक्षा वस्तूच टेबलावर ठेवावी.

गिंको हे चीनकडील एका प्राचीन वृक्षाच्या पानांचा अर्क. त्यातील काही द्रव्ये बिंबिकांना एकत्र आणणाऱ्या एका रासायनिक संदेशाला अडवतात. रक्तस्रावाविषयीचा पुरावा मिश्र आहे. निरोगी लोकांवरील छोट्या प्रयोगांत वॉरफरिनबरोबर आयएनआर बदलला नाही, आणि तो बदलणार नाही हे वर सांगितलेल्या कारणाने अपेक्षितच होते. पण गिंको घेणाऱ्यांच्या डोळ्यात किंवा मेंदूभोवती रक्तस्राव झाल्याच्या एकेकट्या नोंदी आहेत आणि वॉरफरिन घेणाऱ्यांच्या एका मोठ्या पाहणीत गिंकोबरोबर रक्तस्राव अधिक आढळला. या तराजूत दुसरीकडे काय आहे तेही पाहावे. २००८ साली अमेरिकेत ७५ वर्षांवरील तीन हजारांहून अधिक लोकांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसातून दोनदा १२० मिलिग्रॅम गिंको कित्येक वर्षे देऊनही स्मृतिभ्रंश टळला नाही. धोका संशयाचा असला तरी लाभ शून्य. डॉक्टरांनी ती बाटली बाजूला सारली.

माशाच्या तेलाविषयी ते इतके कठोर नव्हते, आणि मलाही वाटते की त्याची बदनामी थोडी जास्तच झाली आहे. रोज एक ग्रॅमच्या आसपास घेतल्याने आयएनआर हलत नाही आणि रक्तस्राव वाढल्याचे ठोस दिसलेले नाही. मात्रा चार ग्रॅमच्या घरात गेली की मात्र चित्र बदलते. अशा मोठ्या मात्रेच्या चाचण्यांत रक्तस्राव किंचित अधिक दिसला आणि हृदयाचे ठोके अनियमित होण्याचे प्रमाणही वाढलेले आढळले. बाटलीवर मोठ्या अक्षरांत तेलाचे वजन असते आणि ओमेगा-३ किती ते मागे बारीक लिहिलेले असते, म्हणून दोन-दोन कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ घेणारा माणूस आपण किती घेतो हे सहसा जाणत नाही. “तुम्हाला यातून काय मिळवायचे आहे?” असे डॉक्टरांनी दादांना विचारले. दादांना सांगता आले नाही. तेव्हा ती बाटलीही उघडली गेली नाही. आमच्या घरी रोजच्या जेवणात जवसाची चटणी असतेच. तीत वनस्पतिजन्य ओमेगा-३ असते. चमचाभर चटणीला डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, मात्र जवसाच्या तेलाच्या कॅप्सूल नकोत म्हणाले.

आयएनआरला न दिसणारा हा रक्तस्राव ओळखायचा तो अंगावरच्या खुणांनी. दादांच्या खोलीत वहिनींनी एक कागद चिकटवला आहे, त्यावर हृदयरोगतज्ज्ञांनी सांगितलेल्या खुणा आहेत. न आपटता उठलेले मोठे जांभळे डाग. दहा मिनिटे नाकपुड्या दाबून धरूनही न थांबणारा घोळणा. लाल किंवा चहाच्या रंगाची लघवी. डांबरासारखे काळे, चिकट, दुर्गंधीयुक्त शौच. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, पण ते असे चिकट नसते आणि शंका असेल तर तपासूनच घ्यावे. आणि सर्वांत वर, लाल शाईने : डोक्याला मार लागला तर जखम दिसो वा न दिसो, बरे वाटत असो वा नसो, लगेच रुग्णालयात जाऊन ‘रक्त गोठू न देणारी गोळी चालू आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगायचे. मेंदूभोवतीचे रक्त काही वेळा तासांनी, काही वेळा दिवसांनी साचते. गेल्या पावसाळ्यात न्हाणीघरात दादांचा तोल गेला आणि नळाचा कडा कपाळाला लागला. टेंगूळसुद्धा आले नव्हते. वहिनींनी रिक्षा बोलावली, वही आणि गोळ्यांचा डबा पिशवीत टाकला आणि तासाभरात स्कॅन झाला. तो स्वच्छ निघाला. तरीही चोवीस तास निरीक्षणाखाली ठेवून मगच त्यांना घरी सोडले.